टूजी ते फाइव्हजी : बोलण्याची वाट कशी बदलली

मोबाइलच्या पिढ्यांची तुलना करा, असा प्रश्न थिअरीच्या पेपरात आला की बहुतेक उत्तरांत वेगाचा तक्ता असतो आणि त्याखाली ‘थ्रीजी पॅकेट पद्धतीवर, म्हणजे माहितीचे सुटे तुकडे पाठवून चालते’ हे वाक्य असते. ते निम्मेच खरे आहे.

टूजीमध्ये कॉल लागला की जाळ्याच्या गाभ्यातील एमएससी हा स्विच त्या संभाषणासाठी सेकंदाला 64 किलोबिटची वाट राखून ठेवत असे. एका मिनिटाला एका दिशेने 480 किलोबाइट. मग समोरचा माणूस गप्प असला तरी वाट अडलेलीच. अशा राखीव वाटेला सर्किट म्हणतात. पुढे जीपीआरएसने डेटासाठी शेजारी पॅकेटची दुसरी वाट घातली. थ्रीजीने रेडिओ बदलला, परंतु तिच्या पहिल्या आवृत्तीत या दोन्ही वाटा कायम राहिल्या आणि बोलणे सर्किटवरूनच गेले.

खरी फारकत एलटीईने, म्हणजे फोरजीने केली. 2008च्या आवृत्तीत ठरलेल्या तिच्या गाभ्यात एमएससीला जागाच नव्हती. मग बोलायचे कसे? सुरुवातीची सोय अशी की कॉल आला की फोनला तेवढ्यापुरते जुन्या जाळ्यावर पाठवायचे. रिंग वाजण्याआधी दोन-चार सेकंद जात आणि पडद्यावरच्या 4G च्या जागी थ्रीजीचे H किंवा टूजीचे E दिसू लागे, ते यामुळेच.

एलटीईवरूनच बोलण्याच्या सोयीने, म्हणजे व्होल्टेने ही कसरत संपवली. आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. आवाज आटवण्याच्या 12.2 किलोबिटच्या पद्धतीत, म्हणजे कोडेकमध्ये, एका तुकड्यात 244 बिट, म्हणजे जेमतेम 31 बाइट आवाज असतो आणि त्यावर पत्त्यांची व क्रमांकांची शीर्षके असतात किमान 40 बाइटांची. मालापेक्षा वेष्टनच जड! पण एकाच कॉलच्या शीर्षकांतील बराचसा मजकूर दर वेळी तोच असल्याने फोन आणि टॉवर तो एकदाच लक्षात ठेवतात आणि हवेतून एरवी तीन-चार बाइटच पाठवतात. बोलणारा थांबला की दर 20 ऐवजी दर 160 मिलिसेकंदांनी पार्श्वभूमीच्या आवाजाचा एक छोटा तुकडा जातो. उरलेली जागा इतरांना मिळते.

मग इंटरनेटवरील ॲपच्या कॉलहून हा वेगळा कसा? व्होल्टेच्या कॉलसाठी जाळे स्वतंत्र ‘बेअरर’, म्हणजे डेटाची वेगळी वाट उभारते. त्याला किमान दराची हमी असते आणि फोनपासून गाभ्यापर्यंतच्या विलंबाचे उद्दिष्ट 100 मिलिसेकंद असते. ॲपचा कॉल साधारणपणे व्हिडिओ आणि डाउनलोडच्याच रांगेत उभा राहतो. म्हणून जत्रेच्या गर्दीत तो तुटक होतो, तेव्हाही व्होल्टे बहुधा तग धरतो. सर्किट गेले, आरक्षणाची कल्पना मात्र पॅकेटच्या जगात परत आली. परीक्षेत नेमका हाच मुद्दा सुटतो.

फाइव्हजीच्या जाहिरातींना भुलून कोणी पडद्यावरचे 5G चिन्ह म्हणजे नवा गाभा समजू नये. ‘नॉन-स्टँडअलोन’ मांडणीत रेडिओ नवा असला तरी गाभा एलटीईचाच असतो आणि कॉल व्होल्टेनेच जातो. ‘स्टँडअलोन’ मांडणीत गाभाही नवा असतो. पण तेथे फाइव्हजीवरून बोलण्याची सोय सुरू केलेली नसेल, तर कॉल येताच फोन एलटीईवर उतरतो आणि पडद्यावरचे 5G जाऊन 4G येते.