पॉइंट आणि गाम-जॉम: बोर्डावरचे दोन वेगळे आकडे

तायक्वांदोच्या मागच्या एका जिल्हा स्पर्धेत आमच्या क्लासमधल्या एका मुलीची आई धावत माझ्याकडे आली. "सर, चार झाले हिचे!" चेहरा आनंदाने फुललेला. चार झाले होते हे खरं, पण ते पॉइंट नव्हते, गाम-जॉम होते, म्हणजे चुका. आणखी एक झाला असता, तर तो राउंड तिथेच हातातून गेला असता. पहिल्यांदा स्पर्धा बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पालकाची इथे गल्लत होते, म्हणून हे दोन आकडे नीट उलगडून सांगतो.

बोर्डाची एक बाजू निळी, दुसरी लाल. कोरियन भाषेत निळा म्हणजे चुंग, लाल म्हणजे होंग. रेफ्री हीच नावं पुकारतात. दोन्ही बाजूंना एकेक मोठा आकडा असतो, तो पॉइंटचा. त्याच बाजूला छोटा आकडा किंवा खुणा असतात, त्या गाम-जॉमच्या, म्हणजे त्या खेळाडूने केलेल्या चुकांच्या. गोंधळ होतो तो इथे: चूक नोंदली जाते आपल्या मुलाच्या बाजूला, पण तिचा एक पॉइंट चढतो समोरच्याच्या मोठ्या आकड्यात. त्यामुळे समोरच्याने किक न मारताही त्याचा स्कोअर वाढलेला दिसतो आणि पालकांना वाटतं, बोर्ड चुकला.

मारून मिळणारा पॉइंट दोन गोष्टींवर ठरतो: कुठे लागलं आणि कसं मारलं. छातीच्या गार्डवर ठोसा लागला तर 1, किक लागली तर 2. डोक्यावर फक्त किक चालते आणि तिचे 3. शरीर फिरवून, पाठ दाखवून मारलेली किक असेल तर दोन वाढतात, म्हणजे गार्डवर 4 आणि डोक्यावर 5.

आता "फिरवून" म्हणजे काय, हे समजून घ्या, कारण इथे मुलंसुद्धा चुकतात. क्लासमध्ये सगळ्यात जास्त घोटून घेतली जाते ती दोल्यो चागी. तिला काही क्लासमध्ये टर्निंग किकच म्हणतात. त्या किकमध्ये पाय बाजूने गोल येतो, कंबर वळते, पण मूल समोरच्याकडे पाठ करत नाही. तिचे 2 च. द्वी चागी, म्हणजे पाठ वळवून मागे मारलेली किक, तिचे 4. पाय किती गोल फिरला हे बघू नका, पाठ फिरली का ते बघा.

इलेक्ट्रॉनिक गार्ड असेल तर किकचा जोर सेन्सर मोजतो आणि वजनगटानुसार ठरलेल्या जोराच्या खाली असेल तर आवाज कितीही मोठा येवो, पॉइंट चढत नाही. ठोशाचा पॉइंट आणि फिरण्याचे वाढीव दोन मात्र कोपऱ्यांत बसलेले जज बटण दाबून देतात. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या स्पर्धांत साधे गार्ड असतात आणि तिथे सगळंच जजच्या नजरेवर चालतं.

गाम-जॉम कशाकशाचे मिळतात? एक पाय जरी रेषेबाहेर गेला तरी. खाली पडलं तरी. समोरच्याला धरलं, कमरेखाली मारलं, हाताने चेहऱ्यावर मारलं, लढायचं टाळून पळत राहिलं, की मिळालाच. एका राउंडमध्ये पाच झाले की राउंड समोरच्याचा, मोठा आकडा काहीही असो.

एक राउंड डोळ्यांसमोर आणू. आपलं मूल निळं. गार्डवर दोल्यो बसली: 2-0. लालने द्वी चागी मारली: 2-4. आपल्या मुलाने डोक्यावर किक लावली: 5-4. मूल पुढे आहे, वेळ थोडा उरलाय, आणि ते घाबरून मागे मागे सरकत रेषेबाहेर पाय टाकतं. रेफ्री थांबवतात, "चुंग, गाम-जॉम": 5-5. पुन्हा सुरू होतं, मूल किक चुकवताना तोल जाऊन पडतं: 5-6. राउंड गेला. लालने अख्ख्या राउंडमध्ये एकच किक लावली होती. 5-5 वर वेळ संपली असती तरीही राउंड लालचाच ठरला असता, कारण बरोबरी झाली की आधी फिरवून मारलेल्या किकचे पॉइंट कोणाचे जास्त, ते बघतात.

हे सगळं वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांचं. त्यात तीनपैकी दोन राउंड जिंकणारा जिंकतो आणि प्रत्येक राउंडला पॉइंट शून्यापासून सुरू होतात. अगदी लहान मुलांच्या गटात काही आयोजक डोक्यावरची किक बंद ठेवतात, ते सकाळीच कोचला विचारून घ्या.

मॅटजवळच्या खुर्चीवरून कोच "लाइन, लाइन!" असं ओरडताना ऐकलंत, तर मुलाचे पाय बघा. टाच रेषेला टेकत आली असेल आणि त्या क्षणी त्याला मारायला नाही, बाजूला वळून मध्ये यायला सांगितलं जात असेल. तेव्हा गॅलरीतून "मार, मार!" नका ओरडू. त्याला एकच आवाज नीट ऐकू यायला हवा.