चौकटीमागची पाचर आणि बिजागरीमागचा पुठ्ठा

आमच्याकडे दोन्हीला ‘पॅकिंग’च म्हणतात, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये ठोकतात ती पाचर. बिजागरीच्या पानाखाली घालतात तो पुठ्ठा. पाचरीने चौकट ओळंब्यात येते आणि पुठ्ठ्याने दाराभोवतीची फट सारखी होते. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात, तर दोन्ही बिघडतात.

खानापूरकडच्या एका घरात मागच्या दाराचं असंच झालं होतं. भिंत जांभ्याची, चौकट नवी, दार सागवानी, अडीच फुटी, आत उघडणारं. कडी काढली की दार आपोआप उघडायचं आणि काटकोनात येऊन थांबायचं. मालक म्हणाले, “बिजागऱ्याच खराब हायत की ओ!” त्याआधी कुणीतरी खालच्या बिजागरीमागे 2 मिमीचा पुठ्ठा घालून गेलं होतं. दार तरीही उघडायचंच, वर आता कडीच्या बाजूला खाली घासायलाही लागलं होतं.

दार आपोआप हलतं तेव्हा ते कुठे जाऊन थांबतं हे आधी बघावं. बिजागऱ्यांची रेषा वरून ज्या बाजूला कललेली असते, दार त्याच बाजूला वळतं. काटकोनात थांबलं तर चौकट खोलीकडे झुकली आहे. पार भिंतीला जाऊन टेकलं तर ती भिंतीच्याच रेषेत, कडीपासून दूर कलली आहे. बिजागरीला तेल कमी असेल किंवा ती घट्ट असेल तर ही खूण कळत नाही, म्हणून आधी तेल द्यावं.

इथे ओळंबा सोडल्यावर बिजागरीची बाही, म्हणजे चौकटीचा त्या बाजूचा उभा खांब, सात फुटांत 8 मिमी खोलीकडे झुकलेली निघाली. कडीची बाहीही तेवढीच झुकलेली होती. दोन्ही बाह्या सारख्या कलल्या की दारही त्यांच्याबरोबर कलतं, त्यामुळे फट सगळीकडे सारखीच दिसते. पुठ्ठा घालण्याआधी फट एकसारखी 3 मिमी होती, असं मालक म्हणाले, आणि तेवढं बरोबरच होतं. फट सारखी दिसली म्हणजे चौकट ओळंब्यात आहे, असं मात्र नसतं.

पुठ्ठ्याचा उपयोग का झाला नाही? पुठ्ठा बिजागरीला फक्त डावी-उजवीकडे सरकवतो, आणि खोलीकडच्या झुकण्याला तो पोचतच नाही. शिवाय त्याने खालचा भाग कडीकडे ढकलला, तिथली फट 3 वरून जेमतेम 1 मिमीवर आली, आणि कडीचा वरचा कोपरा मिलीमीटरभर उचलला गेला. मधली बिजागरी तशीच ठेवल्यामुळे तीही ओढली जात होती. खाली 2 मिमी घातलं तर मध्ये साधारण 1 घालावंच लागतं, नाहीतर तीन बिजागऱ्या एका रेषेत राहत नाहीत.

सुदैवाने चौकट भिंतीला पक्की धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, अजून काँक्रीटमध्ये बसवलेल्या नव्हत्या. दार उतरवलं, पुठ्ठा काढला. वरच्या पाचरी सैल करून वरच्या आडव्या गणेशपट्टीकडून चौकट 8 मिमी बाहेर ठोकली, खालच्या पाचरी तशाच राखल्या. भिंतीच्या जाडीच्या दिशेने पाचर काही करत नाही. तिथे चौकट सैल करून सरकवावी लागते, पाचर तिला फक्त धरून ठेवते. आधी बिजागरीची बाही, मग कडीची. एकच सरकवून चालत नाही, नाहीतर चौकटीला पीळ पडतो आणि दार वर टेकलं तरी खाली उघडंच राहतं.

पाचरी प्रत्येक बिजागरीमागे आणि कुलपाच्या उंचीला ठेवाव्यात, जोडीने, एकमेकींच्या विरुद्ध दिशेने सरकवून. एकटी पाचर फक्त एका कडेला दाब देते आणि बाही वळते. प्रत्येक ठोक्यानंतर ओळंबा पुन्हा बघावा, कारण एक पाचर आवळली की दुसरी ढिली होते. यात अर्धा दिवस जातो आणि घरच्यांना वाटतं मिस्त्री वेळ काढतोय. तेवढं ऐकून घ्यावं लागतं.

दार परत लावलं, तेव्हा जिथे सोडलं तिथेच ते थांबलं. फट पुन्हा 3 मिमी. आम्ही एक रुपयाची दोन नाणी एकत्र धरून ती फटीतून फिरवतो, मापपट्टीपेक्षा पटकन होतं.

पुठ्ठा वाईट नाही. चौकट ओळंब्यात आहे, पण खालच्या बिजागरीची खाच जास्त खोल गेल्यामुळे कडीचा कोपरा खाली आला आहे आणि दार उंबरठ्याला घासतंय, तेव्हा खाली पुठ्ठाच घालावा. गणेशपट्टीला कडीचा कोपरा घासत असेल तर वरच्या बिजागरीमागे. पण कडीच्या बाजूला मुळातच फट उरली नसेल, तर पुठ्ठा दार आणखी तिकडेच ढकलतो. तिथे खाच खोल करावी.

आणि खानापूरच्या पावसात फळ्यांचं दार लाकडाच्या रुंदीत चांगलंच फुगतं. मे महिन्यात लावताना कडीच्या बाजूला 4–5 मिमी सोडा. तेव्हा ते ढगळं दिसेल.