घंटाकृती वक्रात न मावलेला सोमवार

सोमवार, २३ मार्च २०२० रोजी मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ३,९३५ अंशांनी, म्हणजे १३.१५ टक्क्यांनी कोसळला. सेन्सेक्सच्या दैनंदिन चढउतारांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा फरक, ढोबळमानाने दीड टक्का धरले, तर ही घसरण जवळजवळ नऊ प्रमाण विचलनांची ठरते. बहुतेक आकडे सरासरीजवळ आणि टोकाचे अतिविरळ धरणारा घंटाकृती वक्र खरा मानला, तर अशी घसरण विश्वाच्या आजवरच्या वयाच्या काही लाख पट काळात सरासरी एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात २८ एप्रिल १९९२ रोजी, रोखे घोटाळा उघडकीस आल्यानंतर, सेन्सेक्स एका दिवसात १२.७७ टक्क्यांनी पडलेला होता. अठ्ठावीस वर्षांत दोनदा!

वक्र मुळात चुकीचा नाही. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरून जाणाऱ्या हजार प्रौढांची उंची मोजली, तर ती या वक्रात छान बसेल, कारण उंची अनेक लहान घटकांच्या बेरजेतून ठरते आणि एकाच्या उंचीमुळे शेजारच्याची उंची बदलत नाही. बाजारात मात्र एकाची विक्री दुसऱ्याला विकायला भाग पाडते. उधारीवर शेअर घेतलेल्याने हमी म्हणून ठेवलेले मार्जिन अपुरे पडले आणि त्याने वेळेत पैसे भरले नाहीत, तर ब्रोकर मिळेल त्या भावाने त्याचे शेअर विकतो; त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि पुढच्याचे मार्जिन अपुरे पडते. त्या सोमवारी दहा टक्क्यांच्या घसरणीनंतर व्यवहार ४५ मिनिटे थांबवले गेले, तरी ते पुन्हा सुरू झाल्यावर घसरण वाढलीच.

फरक खरा दिसतो तो शेपटीत, म्हणजे वक्राच्या विरळ टोकाला. घंटाकृती वक्रात तीन प्रमाण विचलनांहून मोठ्या घसरणीची शक्यता सुमारे ७४० दिवसांत एक असते, तर सहांहून मोठीची सुमारे शंभर कोटी दिवसांत एक. अनेक शेअर बाजारांच्या नोंदींत मात्र चाल दुप्पट मोठी झाली, की तिची शक्यता साधारण आठव्या हिश्श्यावर येते. समजा, साडेसहा टक्के किंवा त्याहून मोठी घसरण चार वर्षांत एकदा होते. तर तेरा टक्क्यांची सुमारे बत्तीस वर्षांत एकदा अपेक्षित धरावी लागेल. हीच जाड शेपटी.

ही सरासरी असली, तरी घसरणी समान अंतराने येत नाहीत. मार्च २०२० मध्येच १२ आणि १६ तारखेला सेन्सेक्स सुमारे आठ-आठ टक्क्यांनी पडला होता. शांत काळातील आकड्यांवरून काढलेले प्रमाण विचलन म्हणूनच फसवे असते, आणि माझ्या मते जोखीम मोजण्यातली सर्वांत महाग चूक हीच आहे.

अशा प्रत्येक दिवसाला ‘काळा हंस’ म्हणण्याची आता सवय झाली आहे. ती मला मान्य नाही. काळा हंस म्हणजे कोणाच्याच हिशेबात नसलेली घटना. तेरा टक्क्यांची घसरण मात्र १९९२ च्या नोंदीत आधीपासूनच होती.