दाहावस्थेतील अल्ब्युमिन व प्रीअल्ब्युमिन : पोषणमापनातील मर्यादा आणि केसपेपरवरील नोंद

अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन ही यकृतात तयार होऊन रक्तद्रवात फिरणारी प्रथिने आहेत. प्रीअल्ब्युमिनला ट्रान्सथायरेटिन असेही म्हणतात. रक्तातील त्यांची पातळी घसरली म्हणजे रुग्णाला प्रथिने कमी पडत आहेत, असा अर्थ रुग्णालयांत अनेक वर्षे लावला गेला. संसर्ग, शस्त्रक्रिया, भाजणे, मोठी इजा किंवा दीर्घकालीन दाहक आजार असताना हा अर्थ चुकतो. तेव्हा ही पातळी मुख्यतः दाहाची तीव्रता दाखवते, आहाराची स्थिती नव्हे. आंत्र व शिरामार्गे पोषणाच्या क्षेत्रातील अमेरिकी संस्था ॲस्पेन हिने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमिकापत्रात हेच सांगितले आहे : या दोन प्रथिनांना पोषणाचे निदर्शक मानू नये, ती दाहाची निदर्शक आहेत.

दाह सुरू झाला की पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे संदेशवाहक पदार्थ सोडतात आणि यकृत आपले उत्पादन बदलते. सीआरपी, फायब्रिनोजेन, फेरिटिन यांसारखी बचावाची प्रथिने जास्त प्रमाणात तयार होऊ लागतात, तर अल्ब्युमिन व प्रीअल्ब्युमिनचे उत्पादन मागे पडते. त्याच वेळी केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि अल्ब्युमिन रक्तातून ऊतींमधील द्रवात झिरपते. निरोगी माणसातही शरीरातील निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांच्या बाहेरच असते, त्यामुळे वाटणीतला थोडासा बदलही रक्ततपासणीत मोठी घट दाखवतो. सलाइन दिल्याने रक्तद्रव पातळ होतो, ही तिसरी भर. या तिन्ही कारणांचा रुग्णाच्या जेवणाशी थेट संबंध नाही.

एका कल्पित रुग्णावरून हिशेब स्पष्ट होतो. ६२ वर्षांचा पुरुष न्यूमोनियाने दाखल झाला. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे देहवस्तुमान निर्देशांक सुमारे २४. सहा महिन्यांत वजन घटलेले नाही. भूक मंदावली ती दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांत. पहिल्या दिवशी अल्ब्युमिन ३.९ ग्रॅम प्रति डेसिलीटर होते. चौथ्या दिवशी ते २.६ वर आले, प्रीअल्ब्युमिन ९ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर आणि सीआरपी २१० मिलिग्रॅम प्रति लिटर. दरम्यान सलाइनमुळे वजन ७१ किलो झाले. प्रीअल्ब्युमिनची नेहमीची पातळी साधारण २० ते ४० असते. केवळ आकडे पाहणारा इथे ‘तीव्र कुपोषण’ असे लिहून मोकळा होईल.

पण अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे असते. यकृताने उत्पादन पूर्ण थांबवले असे धरले, तरी तीन दिवसांत सुमारे १० टक्केच अल्ब्युमिन कमी होईल, म्हणजे ३.९ चे ३.५. उरलेली घसरण उपासमारीने होणे शक्यच नाही. ती झिरपण्याने आणि पातळ होण्याने झाली आहे.

प्रीअल्ब्युमिनचे अर्धायुष्य दोन-तीन दिवसांचेच असते, म्हणून अल्ब्युमिनवर अविश्वास असलेलेही त्याच्यावर भरवसा ठेवतात. खाणे फारच कमी झाले तर ते खरोखर घसरते, हे मान्य करावे लागेल. अडचण अशी की दाहाचा परिणाम त्याहून जोरकस असतो आणि एका आकड्यातून दोन कारणे वेगळी काढता येत नाहीत. वरच्या रुग्णाचे नवव्या दिवशी सीआरपी ३८ झाले आणि प्रीअल्ब्युमिन १७ वर चढले. रुग्ण मात्र गरजेच्या निम्मेच अन्न घेत होता. आकडा सुधारला तो प्रतिजैविकाने दाह ओसरला म्हणून. अशा वेळी ‘आहार पुरेसा होत आहे’ असा निष्कर्ष काढला, तर खरी तूट तशीच राहते आणि ही चूक पहिल्या चुकीपेक्षा जास्त घातक ठरते. शिवाय मूत्रपिंड निकामी होत असताना किंवा स्टेरॉइड चालू असताना प्रीअल्ब्युमिन वर जाते, तेही पोषणाशिवाय.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अन्ननलिका अरुंद होऊन गिळता न येणाऱ्या एखाद्या स्त्रीचे वजन पाच महिन्यांत ५८ वरून ५० किलोवर आले, तर ती घट जवळपास १४ टक्के होते. दाह नसेल तर तिचे अल्ब्युमिन ४.१ असू शकते, कारण निव्वळ उपासमारीत शरीर ही पातळी बराच काळ टिकवते. ॲनोरेक्सियाच्या अतिशय कृश रुग्णांतही ती अनेकदा सामान्य आढळते. ‘अल्ब्युमिन सामान्य, पोषण ठीक’ ही नोंद म्हणूनच कधीही करू नये.

केसपेपरवर निदान लिहिताना आधार प्रत्यक्ष तपासणीचा हवा. कुपोषणाच्या निदानासाठी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लिम निकषांनुसार शरीरात दिसणारे किमान एक लक्षण (वजनघट, कमी देहवस्तुमान निर्देशांक किंवा स्नायूंची घट) आणि किमान एक कारण (कमी आहार किंवा अपशोषण, अथवा दाह वा आजाराचा भार) असावे लागते. अल्ब्युमिन या यादीत नाही. दाह हे कारण म्हणून मोजले जाते, पण त्याचा पुरावा म्हणून आजाराचे निदान, ताप आणि सीआरपी लिहावे. वरच्या स्त्रीत वजनघट आणि कमी आहार दोन्ही आहेत, आणि सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट असल्याने तिचे कुपोषण तीव्र ठरते.

न्यूमोनियाच्या रुग्णाची चौथ्या दिवसाची नोंद अशी करता येईल : ‘अल्ब्युमिन २.६, प्रीअल्ब्युमिन ९, सीआरपी २१०. न्यूमोनियाचा तीव्र दाह व सलाइन यांमुळे ही घट अपेक्षित. पोषणनिदानासाठी हे आकडे वापरलेले नाहीत. दाखल होताना मोजलेले वजन ६८ किलो, आजचे ७१, पायांवर सूज. सहा महिन्यांत वजनघट नाही, दंड व मांडीच्या स्नायूंची घट नाही. तीन दिवस आहार कमी. आज कुपोषणाचे निकष पूर्ण होत नाहीत, धोका आहे. रोजचा आहार मोजावा, सूज उतरल्यावर पुन्हा वजन.’

या नोंदीत आकडा लपवलेला नाही, त्याच्या शेजारी त्याचे कारण आहे. हे जोडून लिहिणे फार गरजेचे, कारण सुटे ‘अल्ब्युमिन कमी’ हे शब्द पुढच्या डिस्चार्ज कार्डवर ‘कुपोषण’ बनून उतरतात. वजन मोजलेले की नातेवाइकांनी सांगितलेले, हेही लिहावे; सूज असताना वाढलेले वजन खरी घट झाकते.

कमी अल्ब्युमिन निरुपयोगी नाही. असा रुग्ण अधिक गंभीर आहे, त्याला गुंतागुंतीचा धोका जास्त आहे, हे ते सांगते. म्हणून पोषणतपासणी लवकर करण्याचे निमित्त म्हणून ते वापरावे. निदान, तीव्रता किंवा आहाराचे यश ठरवायला वापरू नये. अल्ब्युमिनची बाटली चढवून आकडा वर आणणे हेही पोषण देणे नव्हे. सीआरपी सामान्य असतानाही यकृताचा सिरोसिस, लघवीतून प्रथिने जाणारा मूत्रपिंडविकार किंवा आतड्यातून होणारी प्रथिनगळती असेल तर अल्ब्युमिन कमीच राहते, तेव्हा नोंदीत दाहाऐवजी त्या आजाराचे नाव लिहावे. तसेच दाह आहे म्हणून कुपोषण नाही, असेही ठरत नाही. दोन्ही एकाच रुग्णात असू शकतात, आणि त्याचा उलगडा वजनाचा इतिहास, स्नायूंची तपासणी व प्रत्यक्ष पोटात गेलेले अन्न यांतूनच होतो.