तुमचा सर्व्हर आम्हीच बंद पाडतो, तो कसा आणि का

सोसायटीचा जनरेटर महिन्यातून एकदा चालू करून पाहतात. बटण दाबलं, घरघरला, वहीत सही झाली. मग एखाद्या गुरुवारी खरीच वीज जाते आणि कळतं, की जनरेटर मजेत चाललाय, पण चेंजओव्हर स्विच अडकल्यामुळे लिफ्ट बंदच आहे. मेन स्विच खाली ओढून कुणी पाहिलंच नव्हतं.

तुमच्या डेटाबेसच्या स्टँडबायचं, म्हणजे मुख्य सर्व्हर पडला तर काम हाती घेणाऱ्या राखीव सर्व्हरचंही तसंच आहे. म्हणून आम्ही 'गेम डे' ठेवतो. तुमच्या परवानगीने, ठरलेल्या वेळी, मुख्य सर्व्हर मुद्दाम पाडतो.

तो कसा पाडायचा, यातच खरी गोम आहे. मार्केट यार्डातल्या एका ग्राहकाचं बिलिंग पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं. पहिल्या फेरीत आम्ही मुख्य मशीनवरची सेवा रीतसर बंद केली. काही सेकंदांत स्टँडबायने ताबा घेतला, बिलं निघत राहिली. दुसऱ्या फेरीत मशीन चालूच ठेवलं, फक्त त्याचं नेटवर्क तोडलं. अर्ध्या मिनिटात स्टँडबाय मुख्य झाला, आमचा स्क्रीन हिरवा. पण काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "साहेब, नुसतं चक्र फिरतंय." पाच मिनिटांची मर्यादा आधीच ठरली होती, म्हणून तिथे थांबवलं आणि ॲप पुन्हा चालू केलं.

कारण साधं आहे. सेवा बंद होते तेव्हा मशीन जुन्या कनेक्शनना तसं कळवतं. नेटवर्कच तुटलं तर निरोप पोचत नाही. ॲपच्या बाजूचं लिनक्स तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतं, दर वेळी जास्त थांबून. मूळ सेटिंगमध्ये 15 वेळा, म्हणजे सुमारे 924 सेकंद, पंधरा मिनिटांवर. प्रश्न पोचून उत्तराचीच वाट असेल तर आणखी वाईट. पलीकडे कुणी आहे का, ही पहिली चौकशी मूळ सेटिंगमध्ये दोन तासांनी होते.

उपाय कनेक्शनच्या ओळीत होता:

```
tcp_user_timeout=10000 keepalives_idle=10 keepalives_interval=5
```

पहिला आकडा मिलिसेकंदांत, बाकीचे सेकंदांत. (हे libpq ही पोस्टग्रेसची लायब्ररी वापरणाऱ्या ॲपसाठी. जावाच्या ड्रायव्हरची सेटिंगं वेगळी.) तिसऱ्या फेरीत चक्र मिनिटभरही फिरलं नाही. मात्र अडकलेलं बिल ॲपने पुन्हा पाठवलं आणि ते दोनदा नोंदलं गेलं. ती चूक आम्ही शोधत नव्हतो, आयती सापडली.

पहिला सराव आम्ही नेहमी चाचणीच्या प्रतीवर करतो. खऱ्या सर्व्हरवर करायचा तो दिवसा, गर्दी नसलेल्या वेळी. रात्री दोनला नाही, कारण तेव्हा काही बिघडलं तर जागं कोण असणार? तुमच्याकडून एकच माणूस हवा, रोज काउंटरवर बसणारा. तो "थांबा" म्हणाला की आम्ही थांबतो. सुरू करण्यापूर्वी त्याने शेवटचा बिल नंबर कागदावर लिहून ठेवावा. स्टँडबायकडे नोंदी क्षणभर उशिरा पोचतात, त्यामुळे शेवटचं एखादं बिल मागे राहिलं का, हे त्या कागदावरूनच कळतं.