बेअरिंग पॅडचा आकार : टोकाच्या वळणाने अडवलेला हिशेब

पुलाचा गर्डर खांबावर जिथे टेकतो, तिथे त्याच्याखाली बेअरिंग म्हणून रबर ठेवायची कल्पना जुनी आहे. मेलबर्नमधल्या एका रेल्वे व्हायाडक्टखाली १८८९ साली नैसर्गिक रबराचे पॅड बसवले गेले आणि ते शंभर वर्षांनंतरही कामात होते. पण ते हादरा कमी करण्यासाठी होते, सरकणे-वळणे सोसण्यासाठी नव्हते. आजचे बेअरिंग १९५४ च्या फ्रेंच पेटंटपासून सुरू होते. त्यात रबराच्या थरांमध्ये पातळ पोलादी प्लेटा व्हल्कनाइज करून चिकटवल्या होत्या. रबर दाबले की त्याचे घनफळ जवळपास तेवढेच राहते, ते फक्त बाजूला फुगते. प्लेटा हे फुगणे अडवतात. त्यामुळे पॅड उभ्या भाराला कडक राहतो, पण आडव्या सरकण्याला मऊच राहतो.

सुरुवातीचे नियम साधे होते. १९६० च्या दशकातले अमेरिकी मानक सरासरी दाबावर ८०० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे साधारण ५.५ मेगापास्कलची मर्यादा घालून मोकळे होत असे. पण सरासरी दाब हा आकडा फसवा आहे. रबर तुटते ते दाबाने नव्हे, तर प्लेटेच्या कडेजवळच्या ताणाने. तिथे फुगणारे रबर प्लेटेला घट्ट धरून ठेवलेले असते आणि सगळा शिअर, म्हणजे रबराचे तिरके ताणले जाणे, तिथेच गोळा होतो. म्हणून १९७० नंतर युरोपातल्या नियमांनी दाब, सरकणे आणि वळण या तिन्हींचे भाषांतर एकाच चलनात, म्हणजे शिअर स्ट्रेनमध्ये, करायला सुरुवात केली. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी उडी हीच. तीन वेगवेगळ्या तपासण्यांची बेरीज करता येऊ लागली. युरोपीय मानकाच्या २००५ च्या आवृत्तीत ही बेरीज फॅक्टर लावलेल्या भारासाठी ७ पर्यंत चालते. अमेरिकेत मर्यादा ५ आहे, पण तिथे वाहनांमुळे येणारा भाग आधी १.७५ ने गुणला जातो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोण सैल आणि कोण कडक हे ठरवू नये, कारण गुणांक वेगळ्या ठिकाणी बसले आहेत.

खरा वाद बेरजेवर झाला नाही, तो झाला कडा उचलली जाण्यावर. गर्डरचे टोक वळले की पॅडची एक कड जास्त दाबली जाते आणि समोरची सैल होते. ती सुटू द्यायची का? जुने उत्तर ठाम ‘नाही’ होते. युरोपीय मानकात हा नियम अजून आहे :

```
vz = T · (F/A) · [ 1/(5·G·S²) + 1/2000 ]
vz ≥ a'·α / 3
```

`vz` म्हणजे भाराखाली पॅड किती दबतो ते. `F` हा उभा भार, `T` ही रबराच्या थरांची एकूण जाडी, `G` रबराचे शिअर मॉड्युलस, `A` प्लेटेचे क्षेत्रफळ, `a'` प्लेटेची गर्डरच्या दिशेतली लांबी, `α` वळण, आणि `S` शेप फॅक्टर, म्हणजे प्लेटेचे क्षेत्रफळ भागिले एका थराच्या मोकळ्या कडांचे क्षेत्रफळ. म्हणजे पॅड पुरेसा दबलेला असला, तरच तो वळणाचा पाठपुरावा करू शकतो. नियमाची ही बाजू डिझाइनरच्या सवयीच्या उलट जाते, म्हणून एक उदाहरण पाहू.

कायम भार ३०० किलोन्यूटन, वाहनांसकट ७५० किलोन्यूटन, तापमान व आकुंचनाने सरकणे २० मिलिमीटर, रबराचा `G` ०.९ मेगापास्कल. प्लेट २४० बाय ३९०, आणि १० मिलिमीटरचे चार थर. अमेरिकी नियमात सरकण्याच्या दुप्पट रबर लागते, म्हणजे ४० मिलिमीटर, आणि ते नेमके भरते. सरकण्याचा स्ट्रेन ०.५ आला. दुपटीचा आग्रह उगाच नाही, जास्त सरकवलेल्या पॅडच्या कडा वळून गोल होऊ लागतात.

शेप फॅक्टर ७.४३. पूर्ण भाराखाली दाबाचा स्ट्रेन `1.5·F/(G·Ar·S)` या सूत्राने १.९६ येतो. यात `Ar` हे सरकल्यानंतर वरच्या आणि खालच्या प्लेटेचे एकमेकींवर उरणारे क्षेत्रफळ आहे. या भाराखाली वळण ०.०११ रेडियन धरले तर त्याचा स्ट्रेन ०.७९. एकूण ३.२५. मर्यादेपासून बरेच लांब, आणि बरेच हिशेब इथेच थांबतात.

पण आता वाहने काढून घ्या. ३०० किलोन्यूटनला पॅड फक्त ०.५८ मिलिमीटर दबतो. वळण ०.००८ रेडियन उरलेले आहे आणि त्याला ०.६४ मिलिमीटर हवे. पॅड नापास. जड भाराला पास झालेला पॅड हलक्या भाराला अडकला.

इथे हात आपोआप मोठ्या पॅडकडे जातो. प्लेट २९० बाय ३९० केली, तर दाबणे ०.३९ वर घसरते आणि गरज ०.७७ वर जाते. परिस्थिती बिघडली. शिवाय सरकल्यानंतरचा दाब २.८५ मेगापास्कल होतो. न बांधलेल्या पॅडला कायम भाराखाली किमान ३ लागतात, नाहीतर तो हळूहळू जागेवरून चालू लागतो. (पॅड चालण्याची दुसरीही वाट आहे. ओझोनपासून संरक्षणासाठी मिसळलेले मेण काही नैसर्गिक रबरांतून पृष्ठभागावर येते आणि घर्षण घटते. टेक्सासमध्ये असे पॅड सरकलेले सापडले होते.) उलट तोच जुना आकार ठेवून थर १२ मिलिमीटरचे केले, तर दाबणे ०.९७ होते. थराची जाडी जवळपास घनाच्या पटीत काम करते. बदल्यात दाबाचा स्ट्रेन २.३५ होतो, पण बेरीज ३.३२ वरच थांबते.

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधन अहवालाने हा नियमच उखडला. चाचण्यांत असे दिसले, की वरखालच्या प्लेटांना न चिकटवलेल्या पॅडची कड मोकळी झाली तरी रबराला त्यातून हानी होत नाही, रबर फक्त प्लेटेला सोडते. धोका आहे तो पॅड दोन्ही बाजूंनी चिकटवलेला असताना. तेव्हा सैल कडेकडचे रबर आतून ओढले जाते आणि फाटू शकते, म्हणून त्या प्रकरणी वेगळी तपासणी ठेवली. मला हा निष्कर्ष पटतो. तरी पुलाखाली उभे राहून पॅडच्या एका कडेमागे टॉर्च धरला, आणि दुसरीकडून प्रकाशाची बारीक रेघ दिसली, तर पाहणी करणारा ती नोंदवतोच. मग आधी हे पाहावे, की ती रेघ वाहन वरून जात असताना मिटते का, आणि प्लेटांमधले फुगे सगळीकडे सारखे आहेत का. एकाच थराचा फुगा मोठा असेल, तर प्लेट सुटल्याची शंका घ्यावी. कड सुटणे ही त्या मानाने साधी गोष्ट.

वर वापरलेल्या ०.००८ मध्येही एक गोष्ट दडली आहे. गर्डरचे प्रत्यक्ष वळण त्यात ०.००३ आहे. उरलेले ०.००५ म्हणजे पेडेस्टल, अर्थात पॅडखालचा काँक्रीटचा ओटा, आणि गर्डरचा तळ समांतर नसण्याबद्दल अमेरिकी मानकाने धरायला लावलेली तरतूद. पेडेस्टलचा ग्राउट गर्डर बसवल्यानंतर भरला आणि पातळी मोजून नोंदवली, तर ही तरतूद कमी करण्याची मुभा आहे. ती पूर्ण काढली, तर मूळ १० मिलिमीटरच्या थरांनाच ०.२४ मिलिमीटरची गरज उरते, आणि पॅड ०.५८ दबतो.