नामधारी प्रमुखाची सही : कॅनबेरा आणि स्टॉकहोम, १९७५

१ जानेवारी १९७५ रोजी स्वीडनमध्ये नवी राज्यघटना लागू झाली आणि राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांच्याकडे पंतप्रधान नेमण्याचा, कायद्यावर सही करण्याचा किंवा संसद विसर्जित करण्याचा कोणताही अधिकार उरला नाही. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियात राणी एलिझाबेथ यांचे प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर जनरलनी, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात बहुमत शाबूत असलेल्या पंतप्रधानाला पदावरून दूर केले. दोन्ही देशांत संसदीय लोकशाही होती, दोन्हीकडे राष्ट्रप्रमुख नामधारी समजला जात होता. तरीही एका देशात तो खरोखरच नामधारी झाला आणि दुसऱ्या देशात तो तसा नसल्याचे एका दुपारीत उघड झाले.

संसदीय पद्धतीत राष्ट्रप्रमुख, मग तो वंशपरंपरेने आलेला राजा असो वा निवडून आलेला राष्ट्रपती, जवळपास सर्व कामे मंत्रिमंडळाच्या ‘सल्ल्या’ने करतो. हा सल्ला नावापुरताच सल्ला असतो, व्यवहारात तो बंधनकारक असतो. ब्रिटिश परंपरेत राजाकडे तीन गोष्टी राहतात असे मानले जाते : पंतप्रधानाने त्याच्याशी विचारविनिमय करावा, त्याने पंतप्रधानाला पाठबळ द्यावे आणि गरज पडल्यास इशारा द्यावा. एरवी पदके देणे, परदेशी राजदूतांची अधिकारपत्रे स्वीकारणे, संसदेच्या उद्‌घाटनाचे भाषण वाचणे (आणि त्या भाषणातला शब्दन्‌शब्द सरकारने लिहिलेला असणे) हीच त्याची दिनचर्या असते. अडचण एकाच ठिकाणी येते. सल्ला कोणाचा मानायचा हेच जेव्हा वादात असते, म्हणजे निवडणुकीत कोणालाही बहुमत मिळालेले नसते किंवा आहे त्या सरकारचा पाया डळमळीत झालेला असतो, तेव्हा सल्ल्यावर विसंबून राहता येत नाही. अशा वेळेसाठी राष्ट्रप्रमुखाकडे जे उरते त्याला राखीव अधिकार म्हणतात. ते बहुधा कुठेही नीट लिहिलेले नसतात, संकेतांच्या आधारे चालतात, आणि म्हणूनच ते वापरले जाईपर्यंत त्यांची व्याप्ती कोणालाच नेमकी ठाऊक नसते.

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत हा तिढा मुळापासून आहे. तिथे सरकार कनिष्ठ सभागृहाला जबाबदार असते, पण वरिष्ठ सभागृह म्हणजे सिनेटही निवडून आलेले असते आणि सरकारी खर्चाची विधेयके नाकारण्याचा अधिकार त्याला आहे. गॉफ व्हिटलम यांचे मजूर पक्षाचे सरकार १९७२ मध्ये आले आणि १९७४ मध्ये पुन्हा निवडून आले, मात्र सिनेटमध्ये त्यांना बहुमत नव्हते. १९७५ मध्ये मजूर पक्षाचा क्वीन्सलंडचा एक सिनेटर मरण पावला. रिक्त जागेवर त्याच पक्षाने सुचवलेला सदस्य पाठवायचा हा संकेत मोडून त्या राज्याने व्हिटलमविरोधी माणूस पाठवला. सिनेटमध्ये मते समसमान पडली तर प्रस्ताव फेटाळला जातो, त्यामुळे या एका जागेला फार मोल होते. ऑक्टोबरमध्ये परकीय कर्जाच्या प्रकरणात सरकारमधील एका वरिष्ठ मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. त्याचे निमित्त साधून विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांनी खर्चाची विधेयके सिनेटमध्ये रोखून धरली : सरकारने सार्वत्रिक निवडणूक जाहीर केल्याशिवाय ती संमत होणार नाहीत, अशी त्यांची अट होती. सरकारच्या हाती असलेला मंजूर पैसा नोव्हेंबरअखेरपर्यंत पुरणार होता.

गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांची नेमणूक व्हिटलम यांच्याच शिफारशीवरून झाली होती. घटनेच्या ६४ व्या कलमानुसार मंत्री गव्हर्नर जनरलची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. ब्रिटिश कायद्याची भाषा अशीच असते आणि ती अक्षरशः घ्यायची नाही हेही सगळ्यांना माहीत असते. सर जॉन यांनी ती अक्षरशः घेतली. त्याआधी त्यांनी सरन्यायाधीश गारफिल्ड बार्विक यांचे मत मागवले. पंतप्रधानाला न विचारता, आणि उद्या हाच वाद ज्या न्यायालयासमोर येऊ शकेल त्याच्याच प्रमुखाकडून! बार्विक यांनी त्यांच्या विचाराला दुजोरा दिला.

११ नोव्हेंबरच्या दुपारी व्हिटलम यारालुम्ला येथील सर जॉन यांच्या निवासस्थानी गेले ते अर्ध्या सिनेटची निवडणूक घेण्याचा सल्ला देण्यासाठी. तिथे त्यांच्या हाती बडतर्फीचे पत्र पडले. फ्रेझर त्याच इमारतीत दुसऱ्या खोलीत आधीच येऊन बसले होते, आणि काही मिनिटांतच त्यांचा काळजीवाहू पंतप्रधान म्हणून शपथविधी झाला. खर्चाची विधेयके संमत करून घ्यायची, नवे धोरणात्मक निर्णय घ्यायचे नाहीत आणि दोन्ही सभागृहे विसर्जित करण्याचा सल्ला द्यायचा, या अटी त्यांनी मान्य केल्या होत्या. सिनेटमधल्या मजूर पक्षाच्या नेत्यांपर्यंत ही बातमी पोचलीच नाही. आपलेच सरकार आहे या समजुतीत त्यांनी अडीचच्या आत खर्चाची विधेयके संमत होऊ दिली, आणि वाटाघाटीतले आपले एकमेव हत्यार नकळत फ्रेझर यांच्या हवाली केले. सव्वातीनच्या सुमारास कनिष्ठ सभागृहाने फ्रेझर यांच्यावर अविश्वासाचा ठराव ६४ विरुद्ध ५४ मतांनी मंजूर केला. तो घेऊन अध्यक्ष गॉर्डन शोल्स यांनी सर जॉन यांची भेट मागितली. त्यांना पावणेपाचची वेळ मिळाली, आणि त्याच वेळी संसदेच्या पायऱ्यांवर विसर्जनाची घोषणा वाचली जात होती.

या घटनाक्रमात नेमके काय चुकले? पैसा संपत आलेल्या सरकारला निवडणुकीला सामोरे जायला लावणे समर्थनीय होते की नाही, यावर ऑस्ट्रेलियात आजही दुमत आहे. १३ डिसेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी फ्रेझर यांना १२७ पैकी ९१ जागा दिल्या, तेव्हा लोकमताने सर जॉन यांची बाजू घेतली असेही म्हणता येते. पण माझ्या मते खरा दोष निर्णयात नसून पद्धतीत होता. राष्ट्रप्रमुखाच्या तीन हक्कांपैकी इशारा देण्याचा हक्क त्यांनी वापरलाच नाही. ‘अमुक तारखेपर्यंत तोडगा निघाला नाही तर मी असे करीन’ हे वाक्य त्यांनी व्हिटलम यांना ऐकवले नाही. याचे कारण भीती होती, आणि ती निराधारही नव्हती : गव्हर्नर जनरलची नेमणूक राणी पंतप्रधानाच्या सल्ल्याने करत असे आणि त्याला पदावरून काढतही असे ते त्याच सल्ल्याने. इशारा दिला असता तर व्हिटलम यांनी लंडनला दूरध्वनी करून सर जॉन यांनाच काढण्याची शिफारस केली असती. पंचाला खेळाडू मैदानाबाहेर काढू शकत असेल, तर पंच आधी शिट्टी वाजवून घेणार, हे उघड आहे.

राणीचे काय? सर जॉन यांनी राजवाड्याशी पुष्कळ पत्रव्यवहार केला होता. एका इतिहास संशोधक महिलेने न्यायालयीन लढा दिल्यावर ती पत्रे २०२० मध्ये खुली झाली. बडतर्फीच्या दिवशीच्या पत्रात सर जॉन यांनी लिहिले होते की, राणीला आधी कल्पना नसणेच बरे, म्हणून निर्णय न कळवता घेतला. मात्र बडतर्फीच्या शक्यतेची चर्चा आधीच्या पत्रांतून झालेली दिसते. अध्यक्ष शोल्स यांनी व्हिटलम यांना पुन्हा नेमावे म्हणून राणीला पत्र लिहिले, तेव्हा तिच्या खासगी सचिवाने उत्तर दिले की हे अधिकार घटनेने गव्हर्नर जनरलला दिलेले आहेत आणि त्यात राणीने हस्तक्षेप करणे योग्य नाही. म्हणजे ज्या मुकुटाच्या नावाने अधिकार वापरला गेला, तो मुकुट स्वतः नामानिराळा राहिला.

स्वीडनने हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. तिथे पंतप्रधानपदासाठी नाव सुचवण्याचे काम संसदेच्या, म्हणजे रिक्सदागच्या, अध्यक्षाकडे दिले गेले. त्या नावावर मतदान होते आणि एकूण ३४९ पैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान १७५ सदस्यांनी विरोध केला तरच ते फेटाळले जाते. बाजूने किती मते पडली याला महत्त्व नाही. चार वेळा नाव फेटाळले गेले तर नवी निवडणूक घ्यावी लागते. राजा संसदेचे अधिवेशन सुरू करतो, सरकार बदलते तेव्हा होणाऱ्या बैठकीचे अध्यक्षपद भूषवतो, परराष्ट्र धोरणाची माहिती घेतो, पण निवड त्याच्या हातात नसते.

या नियमाची कसोटी सप्टेंबर २०१८ च्या निवडणुकीनंतर लागली. कोणत्याही गटाला बहुमत नव्हते. अध्यक्ष आंद्रेआस नॉर्लेन यांनी नोव्हेंबरमध्ये उल्फ क्रिस्टर्सन यांचे नाव मांडले, ते फेटाळले गेले. डिसेंबरमध्ये स्टेफान लवेन यांचे नावही फेटाळले गेले. जानेवारी २०१९ मध्ये लवेन यांच्याच नावावर पुन्हा मतदान झाले, तेव्हा बाजूने ११५, विरोधात १५३ आणि तटस्थ ७७ मते पडली. विरोध करणारे अधिक होते, पण १७५ नव्हते, म्हणून लवेन पंतप्रधान झाले. निवडणुकीपासून यात १३४ दिवस गेले. वेळ भरपूर गेला, मात्र राजाने कोणाला झुकते माप दिले असा आरोप करायला जागाच नव्हती. लिखित नियमाची किंमत अशी दिरंगाईत मोजावी लागते. शिवाय निवड करणारा अध्यक्ष स्वतः एका पक्षाचा असतो, हे दुखणे स्वीडनलाही टळलेले नाही.

भारताने मधला रस्ता धरला. पंतप्रधान राष्ट्रपतींना काढू शकत नाही, त्यासाठी संसदेत महाभियोगच चालवावा लागतो. त्यामुळे सर जॉन यांना वाटणारी भीती राष्ट्रपतींना बाळगण्याचे कारण नाही. राज्यपालांचे तसे नाही. ते राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारच्या इच्छेवर, पदावर असतात. मुख्यमंत्री त्यांना हटवू शकत नाही, दिल्ली हटवू शकते. यावरचा उपाय न्यायालयांनी शोधला : सरकारकडे बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, तर सभागृहात ठरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई खटल्यात सांगितले.

पण बहुमत चाचणीचा आदेश कधी द्यायचा, हा निर्णयही विवेकाचाच असतो. जून २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना विश्वासदर्शक ठराव मांडायला सांगितले आणि ठाकरे यांनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की सरकारने बहुमत गमावले असे मानण्याइतका वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांकडे नव्हता, त्यामुळे चाचणीचा आदेश समर्थनीय नव्हता. मात्र ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, आणि त्यानंतर एकनाथ शिंदे यांना सरकार स्थापनेसाठी बोलावणे योग्यच होते, असेही पीठाने म्हटले.

ऑस्ट्रेलियाने १९७७ मध्ये सार्वमताने घटनेत बदल करून रिक्त सिनेट जागा त्याच पक्षाकडे राहील अशी सोय केली. खर्चाची विधेयके रोखण्याचा सिनेटचा अधिकार आणि मंत्र्यांना दूर करण्याची गव्हर्नर जनरलची ‘मर्जी’ मात्र आजही घटनेत आहेत.